नफा डिस्काउंट करणाऱ्या विद्यार्थ्याला

"मॅडम, मशीनचे १२ लाख घसाऱ्यातून चार वर्षांत नफ्यातून वजा झालेच ना, मग सुरुवातीला परत वजा केले तर डबल होतील. वर्किंग कॅपिटलचे २ लाख तर शेवटी परतच येतात. म्हणून टॅक्सनंतरचा नफा, वर्षाला दीड लाख, १२ टक्क्यांनी डिस्काउंट केला, एनपीव्ही ४.५६ लाख. सगळे म्हणतात असं चालतं, मग मार्क का कापले?"

अरे, डबलची शंका तुला आली हे चांगलंच, कारण वर्गातल्या काहींनी हाच नफा घेऊन वर पुन्हा १२ लाखही वजा केलेत आणि उणे ७.४४ लाख काढून बसलेत. पण तू डबल टाळलंस आणि वेळ विसरलास. मशीनवाला १२ लाख आज मोजून घेणार, तू मात्र ते दरवर्षी ३-३ लाख असे हप्त्याने गेले असं धरलंस, आणि त्या हप्त्यांची १२ टक्क्यांनी आजची किंमत ९.११ लाखच भरते. म्हणजे मशीन तुला कागदावर २.८९ लाखांनी स्वस्त पडलं, आणि तेवढाच तुझा एनपीव्ही फुगला.

आता रोखीने बघ. खर्च जाऊन हातात येतात वर्षाला ५ लाख. त्यातून ३ लाख घसारा वजा केला तर उरलेल्या २ लाखांवर २५ टक्क्यांनी टॅक्स ५० हजार. घसाऱ्याचं काम इथपर्यंतच, तो नसता तर टॅक्स सव्वा लाख झाला असता, म्हणजे ७५ हजार वाचले, पण घसारा म्हणून कुणाला चेक जात नाही. रोख राहिली ४.५ लाख. चार वर्षांची आजची किंमत १३.६७ लाख, त्यातून १२ गेले की १.६७. (खरा टॅक्स काढताना इन्कम टॅक्सचा घसारा घ्यायचा असतो, पुस्तकातला नाही, पेपरात सोपं म्हणून दोन्ही सारखे धरलेत.)

वर्किंग कॅपिटलचे २ लाख परत येतात, मान्य, पण चौथ्या वर्षाच्या शेवटी, आणि तोवर ते उधारीत आणि मालात अडकलेले. त्या २ लाखांची आजची किंमत १.२७ लाख, म्हणजे ७३ हजार गेले. नफ्यात हे कुठेच दिसत नाही. शेवटी एनपीव्ही उरला ९४ हजार, तुझ्या ४.५६ लाखांच्या जागी.

आणि "सगळे म्हणतात" त्यात तथ्य आहे, पण अर्धं. नफा चालतो, फक्त दरवर्षी सुरुवातीला अडकलेल्या भांडवलावर १२ टक्के व्याज त्यातून कापायला लागतं. भांडवल म्हणजे मशीनची पुस्तकी किंमत अधिक ते २ लाख, म्हणजे १४, ११, ८, ५ लाख. व्याज कापून उरतात उणे १८ हजार, मग १८, ५४ आणि ९० हजार, हे डिस्काउंट करून बघ, बरोबर ९४ हजारच येतात. हे व्याज कापलं असतंस तर मी पूर्ण मार्क दिले असते.