"माझ्या नावाने दावा लावायला तुम्हाला कोणी सांगितले होते?"

वरचे वाक्य आज सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर आले. लिहिणारे चिरंजीव बंगळूरला नोकरी करतात आणि वडिलांचे घर विकण्यासाठी पंधरा दिवसांच्या रजेवर इंदूरला आले आहेत. गिऱ्हाईकाने कॉलनीवर काही खटला चालू आहे का असे विचारले, तेव्हा यांना बगीच्याचा दावा आठवला, आणि नऊ वर्षे तो चालवणाऱ्यांचे आभार त्यांनी या शब्दांत मानले. त्याखाली चार अंगठे उठले. त्यातले दोन अंगठे ज्या घरांतले आहेत, त्या घरांची मुले रोज संध्याकाळी त्याच बगीच्यात खेळतात.

गटावर उत्तर लिहिले तर भांडण होईल, म्हणून इथे लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की त्या दाव्यात शेवटी वादी म्हणून माझे नाव होते. सुरुवातीला ते नव्हते. सुरुवातीला नाना होते.

२०१४ च्या पावसाळ्याआधी एका सकाळी नाना दूध आणायला गेले, तेव्हा बगीच्यात खुंट्या ठोकलेल्या आणि चुन्याच्या रेषा मारलेल्या त्यांना दिसल्या. दीडशे फूट बाय शंभर फुटांच्या त्या मोकळ्या जागेचे सहा भूखंड पाडले जात होते. मंजूर नकाशात तिथे स्वच्छ 'उद्यान' लिहिलेले होते आणि तोच नकाशा दाखवून कॉलनायझरने आम्हा ८४ जणांना भूखंड विकले होते. नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे नकाशा त्यांना आमच्यापेक्षा चांगला वाचता येत असे. त्याच आठवड्यात ते वकिलांकडे गेले.

आता चिरंजीवांचा प्रश्न. ८४ जणांचा हक्क असताना एकट्या नानांनी दावा कसा लावला? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या आदेशातील आठवा नियम अगदी याच प्रसंगासाठी आहे. पुष्कळ माणसांचा हितसंबंध एकच असेल, तर त्यांच्यापैकी एक किंवा काही जण सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात. मात्र त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाल्यावर सगळ्यांना वादीच्या खर्चाने नोटीस द्यावी लागते, शक्य असेल तर प्रत्येकाला आणि माणसे फार असतील तर वर्तमानपत्रातून. इतरांच्या सह्यांची किंवा संमतीपत्रांची अट त्यात नाही. ज्याला वाटेल त्याने अर्ज करून दाव्यात पक्षकार व्हावे, हवे तर विरोध करण्यासाठी व्हावे. आत येण्याची सोय नियमात लिहिली आहे. 'मला यातून वगळा' असे म्हणून बाहेर पडण्याची सोय लिहिलेली नाही. आणि पुढे जो हुकूमनामा होतो, तो आत आलेल्या आणि न आलेल्या सगळ्यांवर बंधनकारक असतो.

हे अन्यायाचे वाटते का? वाटू शकते, हे मी मान्य करते. पण मग ८४ जणांनी मिळून साधा दावा लावला असता तर काय झाले असते, तेही पाहा. ८४ वकालतनामे झाले असते, आणि एखादा वादी वारला की नव्वद दिवसांच्या आत त्याच्या वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्यावा लागला असता, नाही तर त्याच्यापुरता दावा संपला असता. या नऊ वर्षांत आमच्या कॉलनीतली अकरा माणसे गेली. चिरंजीवांचे वडीलही त्यात होते. त्या अकरा घरांतली मुले पुणे, बंगळूर आणि न्यू जर्सीला पसरलेली. कॉलनायझरला दुसरे काही करावेच लागले नसते, नुसते वारस मोजत बसला असता तरी पुरे होते. प्रातिनिधिक दाव्यात ज्यांच्या वतीने आपण लढतो त्यांच्यापैकी कोणी गेले, तरी दावा अडत नाही.

कॉलनायझरच्या वकिलांनी पहिल्या काही पेशींमध्ये एकच गोष्ट लावून धरली होती, की प्रत्येकाचे विक्रीखत वेगळे, तारीख वेगळी, किंमत वेगळी, म्हणून प्रत्येकाने वेगळा दावा लावावा. १९७६ च्या दुरुस्तीने या नियमाला एक स्पष्टीकरण जोडले आहे, की सर्वांचे दाव्याचे कारण एकच असावे लागत नाही, हितसंबंध एक असला म्हणजे झाले. मद्रासच्या गृहनिर्माण मंडळाने गाळेधारकांकडे जादा पैसे मागितले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हेच सांगितले होते. मागणीच्या नोटिसा प्रत्येकाला वेगळ्या गेल्या असल्या, तरी मंडळाला जादा पैसे मागता येतात का, हा प्रश्न सगळ्यांचा एकच होता. आमच्या वकिलांनी तो निकाल दाखवला आणि परवानगी मिळाली.

पण ती मिळाली याचे एक कारण दावा लिहितानाच घडले होते, आणि त्या वेळी मी वकिलांवर चिडले होते. आमच्यापैकी कित्येकांना भूखंडाचा ताबा उशिरा मिळाला होता, काहींच्या घरापुढे नाली झाली नव्हती. नानांना ते सगळे दाव्यात घालायचे होते. वकिलांनी पेन्सिलीने चार परिच्छेद खोडले आणि म्हणाले, "नानासाहेब, बगीचा सगळ्यांचा सारखा आहे, उशीर प्रत्येकाचा वेगळा आहे. एका पिशवीत भरलेत तर पिशवीच फाटेल." त्यांचे म्हणणे किती बरोबर होते ते मला पुढे कळले. बंगळूरच्या एका गृहप्रकल्पात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगात १,१३४ सदनिकांच्या सगळ्या खरेदीदारांच्या वतीने ताब्याच्या उशिराची तक्रार केली. ग्राहक कायद्यातही एकाने अनेकांसाठी येण्याची हीच वाट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उरलेल्यांचे नुकसान तुमच्यासारखेच कसे, हे तुम्ही तक्रारीत लिहिलेलेच नाही, तेव्हा ही तक्रार तुम्हा ९१ जणांपुरतीच संयुक्त तक्रार म्हणून चालेल. नुसते 'सर्वांच्या वतीने' लिहून सर्वांचा दावा होत नाही, सारखेपणा कागदावर मांडावा लागतो. याचा उलटा अर्थ असाही होतो, की ज्यांचे नुकसान वेगवेगळे, त्यांना या वाटेने पैसे मिळणे कठीण. आमच्या नालीचे आणि उशिराचे काही झाले नाही ते नाहीच.

आता नानांविषयी लिहिते. तीन वर्षे प्रत्येक पेशीला हा माणूस डबा घेऊन गेला. २०१७ मध्ये माईंचे डायलिसिस सुरू झाले, आणि त्याच सुमारास कॉलनायझरचा निरोप आला, की सहाऐवजी तीनच भूखंड पाडतो, अर्धा बगीचा सोडतो, नानांच्या घराकडची बाजू मोकळी ठेवतो आणि त्यांचा कोर्टखर्च म्हणून तीन लाख देतो. नानांनी सही केली. (इंदूरच्या कोर्टात तडजोडीला 'राजीनामा' म्हणतात. "नानांनी राजीनामा दिला" असे मी पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "कशाचा? ते तर निवृत्त आहेत ना?") मला ते कळले त्या दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहून जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पण तो राजीनामा नोंदलाच गेला नाही. सगळ्यांच्या वतीने लावलेला दावा एकट्याला मिटवता येत नाही, सोडता येत नाही, त्यातली एखादी मागणीही टाकून देता येत नाही. न्यायालयाने आधी सगळ्यांना पुन्हा नोटीस द्यायची, त्यांचे म्हणणे ऐकायचे, आणि मगच परवानगी द्यायची किंवा नाकारायची. परवानगीशिवाय केलेली तडजोड निरर्थक ठरते. न्यायाधीशांनी राजीनामा बाजूला ठेवला, वर्तमानपत्रात नोटीस द्यायला सांगितली आणि एक प्रत कॉलनीच्या फाटकावर चिकटवायला लावली. एकोणीस जण हरकत घेऊन उभे राहिले. मी पक्षकार होण्याचा अर्ज दिला. पुढे नाना पेशींना येईनासे झाले, तेव्हा त्याच नियमाखाली न्यायालयाने त्यांच्या जागी मला वादी केले. दावा नेटाने न चालवणाऱ्या वादीच्या जागी त्याच हितसंबंधाचा दुसरा माणूस घेता येतो, अशी तरतूद आहे. हुकुमातली 'नेटाने न चालवणारा' ही नोंद नानांनी वाचली असेल का, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आज लिहिताना तो मनातून जात नाही.

आपल्या मध्य प्रदेशात तरी ही दुसऱ्यांदा विचारण्याची अट कोणाला फाजील वाटू नये. १९८५ च्या कायद्याने भोपाळच्या वायुपीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा हक्क केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा ज्यांची फुप्फुसे गेली होती त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. प्रातिनिधिक दाव्यातली खरी भीती लावण्यात नाही, मिटवण्यात आहे, असे माझे मत तेव्हापासूनचे आहे. तेव्हा चिरंजीव, "दावा लावायला कोणी सांगितले" हे विचारण्यापेक्षा "मिटवताना मला विचारले का" हे विचारा. त्याचे उत्तर फाटकावर चिकटवलेले होते.

हे लिहून झाल्यावर माझे मलाच जरा वाटले, की फाटकावर आणि वर्तमानपत्रात लावलेल्या नोटिशीचे कौतुक मी कितपत करावे? २०१४ ची ती जाहीर सूचना माझ्याकडे आहे. एका हिंदी वर्तमानपत्राच्या नवव्या पानावर, एका हरवलेल्या गुणपत्रिकेच्या सूचनेशेजारी, दोन बोटे रुंद. बंगळूरला बसलेल्या माणसाला ती दिसली नसेल तर त्यात त्याची चूक नाही. घराचे गिऱ्हाईक अडखळले असेल, तर तोही खराच त्रास आहे. २०२३ मध्ये कायमची मनाई मिळाली, कॉलनायझर अपिलात गेला आहे, आणि अपील कधी संपेल हे मी सांगू शकत नाही. त्या गिऱ्हाईकाला हुकूमनाम्याची नक्कल दाखवा. दावा बगीच्याचा आहे, तुमच्या भूखंडाचा नाही, हे पहिल्याच पानावर दिसते.

मात्र नानांनी त्या दोन बोटांच्या सूचनेवर भागवले नव्हते. वकील नको म्हणत असताना ते नोटिशीची प्रत घेऊन आठ दिवस संध्याकाळी घरोघर फिरले आणि एका वहीत सह्या घेत गेले. ८४ पैकी ६१ सह्या झाल्या. ती वही त्यांनी २०१७ मध्ये, मी इतके बोलल्यानंतरही, स्वतः माझ्याकडे आणून दिली. आज दुपारी मी ती उघडली. बेचाळिसाव्या ओळीत चिरंजीवांच्या वडिलांची सही आहे आणि सहीपुढे त्यांनी एकच शब्द लिहिला आहे, "पाहिली". हो म्हटलेले नाही, नाही म्हटलेले नाही.

रजा संपण्यापूर्वी येऊन त्यांनी ती ओळ पाहून जावी. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते. नसले तर बगीच्यात, नानांच्या बाकावर.