दोन दिवस गोळी बंद करून नाडी मोजू नका

«घड्याळावर बसल्याजागची नाडी पाच-दहाने वाढली की समजा, गोळी हृदयावर जातेय. थायरॉइडची असो, डिप्रेशनची असो की एडीएचडीची, सगळ्यांचं सारखंच. दोन दिवस बंद करून बघा. नाडी उतरली तर दोष गोळीचाच.»

या संदेशातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

थायरॉइडची नेहमीची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. ती घेणं थांबवलं तरी रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 7 दिवस लागतात. म्हणजे दोन दिवसांनंतरही चार-पंचमांश औषध अंगात असतंच. तेवढ्यात नाडी उतरली, तर ताप गेला असेल, झोप पुरी झाली असेल किंवा चहा कमी झाला असेल. गोळीबद्दल या परीक्षेतून काहीच कळत नाही. टीएसएच म्हणजे रक्तातलं एक संप्रेरक, थायरॉइड संप्रेरक कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की उतरतं. डोस बदलल्यावर ते 6 ते 8 आठवड्यांनी तपासायला सांगतात, तेही याचसाठी. नवी पातळी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

डिप्रेशनच्या गोळ्यांवर हा प्रयोग केला तर नुकसानही होतं. व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातं. ते अचानक थांबवलं की एक-दोन दिवसांत चक्कर, मळमळ, बेचैनी, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं सुरू होऊ शकतं. अशा बेचैनीत मोजलेल्या नाडीवरून काय ठरवणार?

दुसरं, सगळ्या गोळ्यांचं सारखं नसतं. डिप्रेशनच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांनी नाडी सहसा जवळपास तेवढीच राहते, कधी किंचित उतरते. व्हेन्लाफॅक्सिनने ती थोडी वाढते आणि डोसबरोबर आणखी वाढू शकते. अमिट्रिप्टिलिनसारख्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्यांनी नाडी वाढण्याचं कारण वेगळं: हृदयाला शांत ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम त्या सैल करतात. एडीएचडीसाठीचं कमी वेळ टिकणारं मिथाइलफेनिडेट सकाळी घेतलं तर त्याचा भर काही तासांत ओसरतो. त्यामुळे दुपारची नाडी वाढलेली आणि रात्रीची पूर्वीसारखी, असं चित्र दिसू शकतं. एडीएचडीच्याच ॲटोमॉक्सेटिनचा परिणाम मात्र दिवसभर राहू शकतो. त्याच्या जोडीला डिप्रेशनचं फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन सुरू झालं तर यकृतात त्याचा निचरा मंदावतो आणि डोस तोच असूनही नाडी चढू शकते.

आता «वाढली म्हणजे वाईट» याबद्दल. इथे मी स्वतःचंच सांगते. थायरॉइडच्या गोळीच्या 50 मायक्रोग्रॅमवर असताना माझा टीएसएच 11 होता आणि झोपेतली नाडी 56. ती आकडेवारी तंदुरुस्तीची नव्हती. थायरॉइड संप्रेरक कमी पडलं की हृदयाचा ठोका देणारी गाठच मंदावते. डोस 75 केला. पहिल्या आठवड्यात नाडी 57, सहाव्या आठवड्यात 63, आणि टीएसएच 3. ही सात ठोक्यांची वाढ म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण होती. त्या संदेशाप्रमाणे वागले असते तर मी पुन्हा आजारीच पडले असते.

पण दुसरी बाजूही मी अनुभवली आहे. वर्षभराने डोस तोच असताना रात्रीची नाडी हळूहळू 72 वर गेली, सकाळी हात थरथरू लागले. गोळीत बदल नव्हता, घेण्यात होता. पूर्वी मी कॅल्शियमची गोळी सोबतच घ्यायचे आणि ती थायरॉइडची गोळी आतड्यात अडवून धरायची. कोणीतरी दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, मी ते ठेवलं, आणि तीच 75 मायक्रोग्रॅमची गोळी अंगात जास्त जाऊ लागली. टीएसएच 0.2 निघाला.

ही वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नसते. डोस बराच काळ जास्त राहिला तर, विशेषतः साठीनंतर, ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. ओळख अशी: झोपेतली नाडीसुद्धा आठवडेच्या आठवडे चढत जाते, जोडीला घाम, थरथर, वजन उतरणं असतं. आणि बसल्याजागी नाडी सतत 100 च्या वर राहिली, ठोके अनियमित लागले, छातीत दुखलं, दम लागला किंवा भोवळ आली, तर टीएसएचच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

माझ्याकडे कॅल्शियमची वेळ बदलल्याची तारीख आणि रात्रीच्या नाडीचे आकडे लिहिलेले होते. डॉक्टरांनी ते पाहिले, गोळी बंद न करता 62.5 वर आणली. पहिले दहा दिवस आकडा हललाच नाही. पाचव्या आठवड्यात तो 64 झाला.