शंभर ग्रॅमची मिजास

शंभर ग्रॅम म्हणजे काय हो? खिशात ठेवलं तर आठवणही राहत नाही. तेवढ्याच वजनाची बियांची पुडी ड्रोनखाली टांगायची आणि वरून सोडायची, एवढंच माझं माफक स्वप्न होतं.

सोडण्याचं खातं नऊ ग्रॅमच्या सर्व्होकडे, म्हणजे दांडी फिरवणाऱ्या चिमुकल्या मोटरीकडे दिलं. त्याच्या दांडीला तारेची पिन जोडली. पिन समोरासमोरच्या दोन भोकांतून जाते आणि मधल्या फटीत पुडीच्या दोऱ्याचा फास अडकतो. वजन चौकट पेलते, सर्व्होने फक्त पिन ओढायची. फास थेट दांडीवर टांगला, तर सर्व्हो वजन तोलत अखंड कुरकुरतो आणि तापतो. रिकामी पिन मात्र नेहमीच झोकात सरकते. तिचा खरा स्वभाव ओझं लटकवल्यावरच कळतो. म्हणून पंखे काढून, पुडी टांगून टेबलावर चाचणी घेतली. तारेच्या कापलेल्या टोकाची बारीक खरखर दोऱ्याला जी बिलगली, ती सोडेचना. टोक कानशीने गोल घासलं, तेव्हा कुठे घटस्फोट झाला.

पुढचा तंटा तोलाचा. मध्यभागी कॅमेरा ठाण मांडून होता, त्यामुळे पुडी मध्यापासून साठ मिलिमीटर पुढे टांगावी लागत होती. ड्रोनने नाक खाली घातलं.

"बॅटरी मागे सरकव की!" मित्र म्हणाला. या माणसाकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध असतं.

हिशेब जुळतही होता. पुडीचे शंभर ग्रॅम गुणिले साठ, म्हणजे सहा हजार. बॅटरी चारशे ग्रॅमची, ती पंधरा मिलिमीटर मागे नेली की तेही सहा हजार. तोल चोख!

"आणि पुडी पडल्यावर?" मी विचारलं.

मित्र गप्प. पुडी गेली तरी बॅटरी मागेच राहणार. बाराशे ग्रॅमच्या ड्रोनचा गुरुत्वमध्य एका क्षणात पाच मिलिमीटर मागे. फ्लाइट कंट्रोलर सावरून घेतो, त्यामुळे वरवर सगळं आलबेल दिसतं. पण राबतात मागच्या दोन मोटरी. उतरल्यावर बोट लावून पाहा, पुढच्यांपेक्षा त्याच जास्त तापलेल्या असतात.

म्हणून जागांची अदलाबदल केली. कॅमेरा उतरत नाही, तेव्हा त्याने खुशाल पुढे जावं. त्याचा तोल बॅटरीने कायमचा सांभाळावा. जी येते-जाते ती पुडी बरोबर मध्याखाली, आखूड दोऱ्यावर. लांब दोऱ्यावर ती झोके घेते आणि सोबत ड्रोनलाही डोलवते. मग पुडीसह आणि पुडीविना, दोन्ही वेळा ड्रोन दोन बोटांवर तोलून पाहिला. आडवाच राहिला.

उडवला, स्विच दाबला, पुडी सुटली. भार हलका झाल्याने ड्रोन टुणकन थोडा वर उडाला, पण कुठे कलला नाही.

मित्राला भलताच हुरूप आला. "आता दोन पुड्या लावू! एक डावीकडे, एक उजवीकडे."

"दोन्ही एकदम सोडायच्या?"

"छे, मजा काय त्यात? एकेक करून!"


मी बॅटरी काढून खिशात घातली.