पुडा मोठा, अक्षर मुंगीएवढं

राजारामपुरीतल्या दुकानात कपड्याची पावडर घ्यायला गेले. दुकानदार म्हणाले, "मोठाच घ्या की वैनी, परवडतंय!"

काय परवडतंय? ५०० ग्रॅमचा पुडा ६० रुपये, २ किलोचा २५०. चार छोटे घेतले तर २४० मध्येच काम होतं! पण हे पुड्यावर बघून कळेल तर शपथ. किलोच्या आतल्या पुड्यावर दर ग्रॅमचा, वरच्या पुड्यावर किलोचा; एकावर ०.१२, दुसऱ्यावर १२५. नियमच तसा आहे म्हणे. म्हणजे हजारानं गुणायचं आम्ही, तेही पिशवी सांभाळत.

त्यात दोन दशांशांची गंमत. तिसरा पुडा ८५० ग्रॅम, १०५ रुपये. त्यावरही ०.१२च! खरा हिशोब केला तर किलोला १२० ऐवजी जवळपास १२३.५० पडतो. किलोमागे साडेतीन रुपये दोन दशांशांत गिळले. आणि ८५० कशाला? किलोचाच वाटतो दिसायला.

छापील किमतीखाली 'सर्व करांसह' असतं, तरी फळीवरच्या चिठ्ठीवर नुसता आकडा, ना वजन, ना कराचा उल्लेख. अहो, चिठ्ठी तुमचीच आहे, सगळ्या पुड्यांचा किलोचा दर लिहा की ठळक! लिहायला काय जीएसटी लागतो?