बहिणीला पहिला फोन न करण्याची पूर्वतयारी

वडिलांच्या फ्लॅटवरून सख्ख्या बहिणीशी बोलणे बंद झाले असेल, तर पहिला फोन आपण मुळीच करू नये. पहिला फोन करणारा चुकलेला असतो, असा आपल्याकडे संकेत आहे, आणि ज्याच्या ताब्यात फ्लॅटची किल्ली आहे तो चुकणे शक्यच नसते.

मुलुंडमधले एक गृहस्थ या बाबतीत आदर्श मानावेत. आई आधीच गेली होती आणि वडील मृत्युपत्र न करता गेले. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून मुलाचे नाव होते. तेराव्याचे गोड जेवण उरकून बहीण ताटे उचलत होती, तेव्हा या गृहस्थांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावे लागत असल्याने दुसऱ्या दिवशीची वेळही घेऊन ठेवली होती. बहीण एवढेच म्हणाली, "वाचून देते, दादा." त्यावर दादांनी तिला सुनावले, "ही तुझी भाषा नाही, भावोजींची आहे." तेव्हापासून दोन घरांत भाऊबीज नाही. अविश्वास दाखवणाऱ्या बहिणीला याहून वेगळे उत्तर काय देणार?

आपणही मनाशी घट्ट धरून ठेवावे की नॉमिनी म्हणजेच मालक. ही समजूत कायद्याला मान्य नाही, पण म्हणून ती सोडण्याचे कारण नाही. कायद्याच्या लेखी नॉमिनी वारसांच्या वतीने जागा सांभाळणारा असतो, आणि सहकार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सोसायटी त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्व देते. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मिळाला. "हे २००५ पासूनचे नवे खूळ आहे" असे नातेवाइकांत जरूर सांगत राहावे. ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल होती, हे सहसा कोणी विचारत नाही. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये दादांचा अर्धा आणि बहिणीचा अर्धा, असा सरळ हिशेब होता. असा हिशेब मांडू लागले की बोलणे सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून तो टाळावा.

काही भाबडी माणसे मात्र भलत्याच मार्गाने जातात. कोणतेही काम नसताना ती फोन करतात, भाच्याच्या परीक्षेची चौकशी करतात आणि जागेचा विषय न काढताच फोन ठेवतात. जागेचे बोलणे ती पुढे वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्राने करतात. तडजोडीची ही बोलणी पुरावा म्हणून वापरायची नाहीत, अशी स्पष्ट अट त्या पत्रात असते. दोघांनी ती पाळायचे ठरवले, तर तिथे कबूल केलेला आकडा दिवाणी दाव्यात त्यांच्यावर उलटत नाही. म्हणजे पहिला फोन केल्याने हक्क बुडतो, ही आपली लाडकी सबबही ही माणसे हिरावून घेतात. त्यांच्या नादी लागू नये.

आपण पुनर्विकासाची वाट पाहावी. इमारत पाडायचे ठरले की विकासकाचा वकील कागद तपासतो, आणि पर्यायी जागेच्या करारावर सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. पहिल्या फोनचा खरा मुहूर्त हाच. "कशी आहेस?" या प्रश्नानंतर तिने "सही हवी आहे का?" असे विचारले, तर तिला माया उरलेली नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे व्हावे.

तिने सही दिली नाही तर शहर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा उभा राहतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटची मधोमध भिंत घालून वाटणी होत नाही. अशा वेळी १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे जागा विकून पैसे वाटून देण्याचा आदेश होऊ शकतो. बहिणीने असा आदेश मागितला, तर दुसऱ्या वारसाला तिचा वाटा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेता येतो. ही किंमत तेराव्याच्या दिवशीच्या भावापेक्षा अर्थातच चढी असते, शिवाय मध्ये गेलेल्या वर्षांची वकिलांची फी वेगळी. पण फोन आपण केला नाही, हे समाधान कोणत्या हिशेबात धरायचे?

तेव्हा मुहूर्त हुकलाच तर वकिलाकडे जावे. पहिला शब्द आपल्या वतीने तोच टाकेल. "माझ्या अशिलांच्या सूचनेवरून" अशी सुरुवात करून तो आपल्या बहिणीचा उल्लेख पूर्ण नाव, वय, व्यवसाय आणि सासरचा पत्ता देऊन करील. ती नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावतीवरची तिची सही नीट जपून ठेवावी, कारण हव्या असलेल्या सह्यांपैकी तेवढीच एक सध्या मिळण्यासारखी आहे.