पुण्याचा जुलै, लेस्टरचा डिसेंबर

"डॉक्टर, ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे फ्लूची लस घेतली. आता मे महिन्यापासून गणपती होईपर्यंत पुण्यात आहे. तिथे परत घ्यायची का? दरवर्षी टोचून घेतलं की अंगातली ताकद कमी होते म्हणतात. मला मधुमेह, गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय. सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललंय ते सोबत पाठवतेय. वाचून भीती वाटायला लागली."

काकू,

घ्या. पुण्यात पोचलात की मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घेऊन टाका. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत तुम्ही तयार असाल.

ग्रुपवरचे मेसेज सगळे वाचले आणि खरं सांगायचं तर चिडचिड झाली. तुमचे दीर म्हणतात, "ही थंड देशांची लस, आपल्याकडे उकाड्यात काय करायची?" अर्धं बरोबर आहे त्यांचं, म्हणून तर जास्त राग येतो. ऑक्टोबर हा महिना इंग्लंडच्या थंडीचा हिशेब करून ठरवलाय. फ्लू मात्र काही इंग्लंडचा नाही. पुण्या-मुंबईकडे तो सर्वांत जास्त पसरतो पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत लहानशी दुसरी लाट येते. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यातच, ऑगस्टमध्ये. तोंडाला रुमाल बांधून फिरणारं पुणं दीर विसरले असतील असं वाटत नाही.

ऑक्टोबरच्या लसीचा जोर महिन्यागणिक उतरतो. जुलैपर्यंत नऊ महिने होतील, तेवढ्यात बराच उतरलेला असतो. म्हणूनच इथे इंग्लंडमध्ये हल्ली मोठ्यांना सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये बोलावतात. फार लवकर दिली तर ऐन थंडीत कमी पडते.

ग्रुपवरचे ते निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या मेसेजला कोणी अंगठासुद्धा दिला नाही, त्यांनी नेमकं लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते वर्षातून दोनदा ठरवते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. भारत नकाशात उत्तरेत आहे, पण पावसाळ्याआधी घ्यायची तर दक्षिण गोलार्धाची लस सोयीची पडते, कारण ती ताजी असते. तेव्हा मेडिकलमध्ये नुसतं "फ्लूची लस द्या" म्हणू नका. खोक्यावर दक्षिण गोलार्ध आणि चालू वर्ष छापलंय का ते बघा. मागच्या थंडीची उरलेली उत्तरेची लस हातात ठेवली तर परत करा.

खोक्यावर आणखी एक गोष्ट दिसेल. गेल्या काही वर्षांच्या खोक्यांवर बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ असं नाव असायचं. ग्रुपवर कोणीतरी त्याचाच फोटो टाकून "२०२१चा माल खपवतायत" म्हणून बोंब ठोकलीय. ती लसीची तारीख नव्हे. बी प्रकारचा फ्लू, ऑस्ट्रियात सापडलेला नमुना, प्रयोगशाळेतला क्रमांक आणि सापडल्याचं साल, एवढाच त्याचा अर्थ. हा बी फारसा रूप बदलत नाही, म्हणून तोच नमुना वर्षानुवर्षं चालतो. ए प्रकारातला एच३एन२ मात्र सारखा बदलतो. दरवर्षी टोचण्याचं मुख्य कारण तोच. लसीची मुदत वेगळी छापलेली असते, ती बघा.

"लस फक्त ३ टक्के उपयोगी" हे कात्रण खरं आहे, पण फेब्रुवारी २०१५चं. नमुने आदल्या फेब्रुवारीत ठरले, नंतर एच३एन२ बदलला आणि थंडीच्या मध्यावर ब्रिटनचा आकडा ३.४ टक्के आला. तीच थंडी संपल्यावर सगळे रुग्ण धरून काढलेला आकडा होता सुमारे ३४ टक्के. तो कोणी फॉरवर्ड करत नाही. जुळणी चांगली झाली तरी ही लस फ्लूसाठी डॉक्टरकडे जायची पाळी ४० ते ६० टक्क्यांनीच टाळते. देवी किंवा पोलिओच्या लसीसारखी अपेक्षा धरली तर निराशा होणारच. पण फ्लू झाल्याचं तपासणीत निघालेल्या रुग्णांत पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलंय. स्टेंट बसवलेल्या माणसाने हिशेब या आकड्याशी करावा.

ताकद कमी होत नाही. पण तुमच्या शंकेत एक कण खरा आहे. काही हंगामांत असं दिसलंय की गेल्या वर्षीही लस घेतलेल्यांना यंदाचं संरक्षण पहिल्यांदा घेणाऱ्यांपेक्षा थोडं कमी मिळतं. हा संशय १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्याच एका निवासी शाळेवरून आला. दोन वर्षांचे नमुने फार जवळचे असले की जुन्या प्रतिपिंडांनीच नवी लस आधी पकडली जाते, असा एक अंदाज आहे. तरीही अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा अशी माणसं एकंदरीत बऱ्या स्थितीत असतात. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. तुमचं वय, साखर आणि स्टेंट बघून मी हो म्हणते. तुमच्या तिशीतल्या सुनेला म्हटलं नसतं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना लस घेतल्यावर ताप आला, तो आला असेलच. पण टोचायच्या लसीत विषाणू मेलेला आणि तुकडे केलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखणं, कणकण, एक-दोन दिवस. त्यापुढे आठवडाभर खोकला चालला तर दुसरंच काहीतरी आधीपासून अंगात होतं. जिवंत विषाणूची लस नाकात फवारायची असते. तशी एक पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनेच २०१० साली काढली होती. तुम्हाला फवारा नको, सुईच हवी.

आता खरी गोम. आपल्याकडे लस दुकानातून घेऊन पिशवीतून दवाखान्यात नेतात. तिला २ ते ८ अंश लागतात. उकाड्याची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कोणालाच नसते. बर्फाच्या पाकिटाला सिरिंज चिकटून गोठली तर ती वाया गेली, आणि वितळल्यावर नुसतं बघून ते कळेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांनाच मागवायला सांगा, त्यांच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का विचारा. विचारायला लाजू नका. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे हे आधी सांगा, गोळी बंद करू नका. बारीक सुई घ्यायला लावा, नंतर दोन मिनिटं दाबून धरा, चोळू नका. आणि लस घेऊनही पावसात ताप-खोकला आलाच तर घरी काढा पीत बसू नका. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त कामाला येतं.

इथे थंडीच्या तोंडावर मोबाइलवर मेसेज येतो, लोक फार्मसीत बाही वर करतात आणि ट्रॉली घेऊन पुढे जातात, वाद नाही काही नाही, असं मी दिरांना ऐकवणार होते. पण याच देशात दवाखान्यांत काम करणाऱ्यांपैकी निम्मेसुद्धा हल्ली ही लस घेत नाहीत, तेव्हा तो तोरा राहू दे. "लेस्टरला बसून पुण्याचा पावसाळा शिकवू नका" असं ते म्हणतील. म्हणू देत. तो पाऊस माझ्याकडे आता फोनवरच येतो, तरी जूनमध्ये पुण्याहून कोणी शिंकलं की अंतर विसरायला होतं. शिकवायचा हक्क नसेल, काळजी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

टोचून झालं की रिकाम्या खोक्याचा फोटो काढून ठेवा, बॅच क्रमांक आणि तारीख दिसेल असा. ऑक्टोबरमध्ये आमच्या रिसेप्शनला दाखवा. दोन डोसांत चार आठवडे गेलेले असले की पुरे, तुमचे तर चार महिने होतील. मग ६५ वर्षांवरच्यांची इथली जोमदार लस नेहमीसारखी घेऊ.