«काच दोन बोटं खाली»: एका प्रतिक्रियेला उत्तर

उन्हात लावलेल्या गाडीत मुलाला थोडा वेळही एकटं ठेवू नका, असा लेख मी लिहिला होता. त्यावर एका काकांनी लिहिलं:

> «ताई, लेख वाचला. उगाच घाबरवताय. पुण्यात फेब्रुवारी-मार्चात 32 डिग्री म्हणजे काही राजस्थान नाही. मी गाडी सावलीत लावतो, काच दोन बोटं खाली ठेवतो, त्यामुळे गुदमरण्याचा प्रश्नच येत नाही. एसीने गार झालेली गाडी दहा मिनिटांत कुठे तापते? नातू आणि आमचा पग दोघं मागे मजेत झोपलेले असतात. आम्ही लहानपणी फियाटच्या मागच्या सीटवर तासन्‌तास बसायचो, काही झालं नाही. थोडं तारतम्य ठेवून लिहा.»

काका, तुमच्या सगळ्या मुद्द्यांमध्ये एक शब्द कळीचा आहे, तो म्हणजे «गुदमरणं». दोष तुमचा नाही. अशी घटना घडली की पेपरातही बहुतेक वेळा «गाडीत गुदमरून मृत्यू» असंच छापून येतं. मग वाचणाऱ्याच्या डोक्यात उपायही तोच येतो: हवा येऊ द्या, काच थोडी खाली करा. पण उन्हातल्या बंद गाडीत मुलं हवा संपल्यामुळे जात नाहीत, तापून जातात.

हिशोब करून बघू. साध्या हॅचबॅकच्या आत सुमारे 3 घनमीटर, म्हणजे 3000 लिटर हवा असते. त्यात प्राणवायू साधारण 600 लिटर. दोन वर्षांचं, बारा किलोचं मूल शांत झोपलेलं असेल तर तासाला पाच-सहा लिटर प्राणवायू वापरतं. गाडी डब्यासारखी हवाबंद आहे असं धरलं (ती तशी नसतेच, दारांच्या फटीतून आणि एसीच्या झडपांतून हवा जात-येत राहते), तरी श्वासाला त्रास व्हायच्या पातळीला यायला बरेच तास, जवळजवळ दिवसच लागेल. उन्हाने व्हायचं ते तासाभराच्या आत होऊन जातं. तेव्हा तुमची दोन बोटांची फट जो प्रश्न सोडवते, तो मुळात नव्हताच.

आता उष्णतेचं बघू. काचेतून ऊन आत येतं आणि हवेला नाही, तर डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीट यांना तापवतं. काळा डॅशबोर्ड तव्यासारखा तापला की त्याला लागलेली हवा तापते, वर जाते आणि छताखाली अडकते. अंगणातली फरशीही अशीच तापते, पण तिच्यावरची गरम हवा निघून जाते आणि गार हवा तिची जागा घेते. गाडीत ती वाट बंद असते. त्यात तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णतेची किरणं काच बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे कायद्याने पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. तेव्हा ऊन भरपूर येतं हे गृहीतच धरा.

सगळ्या काचांतून मिळून येणारं ऊन ढोबळमानाने 1 किलोवॅट धरू. म्हणजे गाडीत एक छोटा रूम हीटर सतत चालू आहे. आतली हवा बाहेरपेक्षा दहाच अंश गरम ठेवायची असेल आणि ही सगळी उष्णता हवेनेच बाहेर न्यायची असेल, तर दर सेकंदाला 80-90 लिटर हवा बदलावी लागेल, म्हणजे अर्ध्या मिनिटाला गाडीतली सगळी हवा नवी. पत्र्यातूनही थोडी उष्णता जाते, त्यामुळे प्रत्यक्ष गरज याहून कमी असेल. पण वारा नसलेल्या दुपारी दोन बोटांच्या फटीतून याच्या जवळपासही हवा जात नाही.

हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. अमेरिकेत 2005 साली «पीडियाट्रिक्स» या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर 22 ते 36 अंश असताना, वेगवेगळ्या 16 दिवशी उन्हात लावलेल्या गाडीतलं तापमान त्यात नोंदवलं होतं. काचा बंद असताना ते दर पाच मिनिटांना सरासरी 1.9 अंशांनी चढलं. काचा दीड इंच खाली असताना 1.7 अंशांनी. फरक एवढाच. एसीने गाडी आधी गार करून ठेवली, तर चढायला पाचेक मिनिटं उशीर झाला, बस. तुमचा एसीचा मुद्दा म्हणजे ती पाच मिनिटं.

आणि हे सरासरी आकडे तासाभराचे आहेत. चढ सारखा नसतो. तासाभरात जेवढं चढायचं त्यातलं सुमारे 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासातच चढतं. तुमच्या 32 अंशांसाठी अशाच मोजणीतले आकडे घेतले, तर उन्हातली गाडी दहा मिनिटांत 42-43 वर, वीस मिनिटांत 48 वर आणि तासाने 56 च्या आसपास जाते. पहिल्या दहा मिनिटांत दहा अंश! म्हणून «दहा मिनिटांत कुठे तापते» हा सवाल नेमका उलटा बसतो. सगळ्यात वेगाने ती त्याच दहा मिनिटांत तापते.

सावलीच्या मुद्द्यावर मात्र तुमचं बरंचसं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात ते नीट आलं नव्हतं. ॲरिझोनातल्या टेम्पी इथे, बाहेर 38 अंशांच्या वर असताना केलेला एक अभ्यास 2018 साली आला. तासाभरात उन्हातल्या गाडीची आतली हवा सरासरी 47 अंशांवर, स्टिअरिंग 53 वर आणि डॅशबोर्ड 69 वर गेला. सावलीतल्या गाडीत हवा 38 च्या आसपास आणि डॅशबोर्ड 48 वर राहिला. फरक मोठा आहे. पण त्याच संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलाच्या शरीरावर काय होईल याचं गणित मांडलं, तर उन्हात साधारण तासाभरात आणि सावलीत दोन तासांच्या आत शरीराचं तापमान 40 वर जातं असं निघालं. सावलीने वेळ वाढून मिळतो, धोका टळत नाही. शिवाय झाडाची सावली सरकते. तुम्ही गाडी लावून गेल्यावर ती कुठे पोचली हे बघायला तुम्ही तिथे नसता.

मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर का तापतं? वजनाच्या मानाने मुलाची त्वचा जास्त असते. म्हणून ते थंडीत लवकर गारठतं, आणि भोवतालची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा गरम झाली की तीच जास्तीची त्वचा उष्णता आत ओढायला लागते. मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. मुलांना घाम कमी येतो, आणि कारसीटच्या फोमला टेकलेली पाठ आणि मांड्या तर वाळतच नाहीत. मुलाच्या शरीराचं तापमान मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने चढतं असं सांगतात. 40 अंशांच्या पुढे उष्माघात सुरू होतो, 41-42 ला मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात. आणि पाच मिनिटांनी एसी लावला म्हणजे आत झालेलं नुकसान भरून निघतं असंही नाही.

तुमच्या पगची गोष्ट तर अजून अवघड. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, फक्त पंजांना थोडा. तो जीभ काढून धापा टाकतो आणि तोंडातली, श्वासमार्गातली वाफ बाहेर टाकून गार होतो. बंद गाडीत ती वाफ आतच साठते, हवा दमट होते आणि धापा टाकून उपयोग होईनासा होतो. उलट धापा टाकण्याच्या मेहनतीने अंग आणखी तापतं. पगचं नाक आखूड आणि श्वासाची वाट अरुंद असते, त्यामुळे त्याच्याकडे हे यंत्र आधीच अर्धवट आहे. तो मागे «मजेत झोपलेला» दिसतो तेव्हा एकदा हिरड्यांचा रंग बघा. गडद लाल हिरड्या, चिकट दाट लाळ, हाक मारल्यावर मान न उचलणं, हे झोपेचं लक्षण नाही.

आणि फियाट! तुमच्या फियाटला पुढच्या दारात ती तिकोनी काच होती, आठवते? ती तिरकी केली की चालत्या गाडीत तोंडावर वारा यायचा. काचा हाताने फिरवायच्या होत्या, आठ वर्षांचं पोर बसल्या जागी आपल्या बाजूची काच उघडू शकत होतं. आज मागच्या दाराला चाइल्ड लॉक, काचा बटणावर, आणि बटण गाडी बंद असताना चालत नाही. तुम्ही तासन्‌तास बसायचात ते काचा सताड उघड्या ठेवून, आणि तेव्हा तुम्ही स्वतः काच उघडण्याइतके मोठे होतात. कारसीटच्या पट्ट्यात अडकलेल्या बाळाशी ती तुलना नाही करता येत.

मी हे एवढं चिडून का लिहिते तेही सांगते. मागच्या मेमध्ये मी स्वतः औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली आणि झोपलेल्या मुलाला उठवायला नको म्हणून त्याला तसंच ठेवलं. काच तुमच्यासारखीच, दोन बोटं खाली. चिठ्ठीतलं एक औषध मागच्या खोलीतून आणायचं होतं, मग यूपीआय अडकलं, मग सुट्टे नव्हते. परत आले तेव्हा त्याचे केस कपाळाला चिकटले होते, मानेच्या घडीत पाणी साठलं होतं आणि पट्ट्याचं बकल सोडवताना माझ्या बोटाला चटका बसला. त्याला काही झालं नाही. तो जागा होऊन रडतही नव्हता, हे मला नंतर जास्त खटकलं.

तुम्हाला आकडे परके वाटत असतील तर घरीच मोजा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर मागच्या सीटवर, मुलाची छाती येते त्या उंचीला, थेट ऊन लागणार नाही असा ठेवा. डॅशबोर्डवर नको, तिथे आकडा उगाच जास्त दिसेल. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडाही नको, तो बाहेरच्या हवेचा असतो. दर पाच मिनिटांना काचेतून वाचा. एकदा काचा बंद ठेवून, एकदा दोन बोटं खाली करून.

इंजिन आणि एसी चालू ठेवून जाण्याचा पर्याय एका वाचकाने सुचवला होता. इंजिन बंद पडलं, कॉम्प्रेसर थांबला किंवा मुलाचा हात गिअरला लागला तर बाहेर कुणाला कळत नाही. बंद गॅरेजमध्ये तर धुराचा धोका वेगळाच.

आणि कधी दुसऱ्याच्या गाडीत मूल निपचित दिसलं तर: 112 ला फोन लावा, दार उघडत नसेल तर मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात ठोकून फोडा. पुढची काच फोडायला जाऊ नका, ती थराची असते, तडकते पण पडत नाही. मूल बाहेर काढलं की कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओता आणि जोरात वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवायचा नाही.